सरकारी रोखे आणि ट्रेझरी बिलं: लहान बचतदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरकारी रोखा म्हणजे नेमकं काय? आणि टी-बिल त्याहून वेगळं कसं?

दोन्ही सरकारने घेतलेली कर्जंच आहेत. फरक मुदतीत आहे आणि व्याज कसं मिळतं यात आहे.

ट्रेझरी बिल, म्हणजे बाजाराच्या भाषेत टी-बिल, हे केंद्र सरकारचं एका वर्षाच्या आतलं कर्ज. ते ९१, १८२ किंवा ३६४ दिवसांचं असतं. त्यावर व्याज म्हणून वेगळं काही मिळत नाही. १०० रुपयांचं बिल तुम्हाला १०० पेक्षा कमी किमतीत मिळतं आणि मुदत संपल्यावर पूर्ण १०० हातात पडतात. मधला फरक हीच कमाई.

मुदतीचा रोखा म्हणजे लांब पल्ल्याचं कर्ज. पाच, दहा, पंधरा, तीस, चाळीस, अगदी पन्नास वर्षांचेही रोखे निघतात. यावर ठरलेलं व्याज दर सहा महिन्यांनी बँक खात्यात येतं आणि शेवटी मुद्दल परत मिळतं.

रोख्याच्या नावातच बरंचसं सांगून ठेवलेलं असतं. स्क्रीनवर `6.33% GS 2035` असं दिसलं, तर त्याचा अर्थ वर्षाला ६.३३ टक्के व्याज आणि परतफेड २०३५ मध्ये. हा रोखा मे २०२५ मध्ये निघाला आणि ५ मे २०३५ ला संपतो. म्हणून त्याचं व्याज दरवर्षी ५ मे आणि ५ नोव्हेंबरला मिळतं. दर्शनी, म्हणजे मुदत संपल्यावर परत मिळणाऱ्या, १०,००० रुपयांवर दर वेळी ३१६ रुपये ५० पैसे. बाजारात दर वर गेले काय किंवा खाली आले काय, या आकड्यात २०३५ पर्यंत बदल होत नाही.

हे खरेदी करायला डीमॅट खातं लागतं का?

नाही. १२ नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेची ‘रिटेल डायरेक्ट’ योजना सुरू आहे. तिथे तुमच्या नावाने थेट रिझर्व्ह बँकेकडे रोख्यांचं खातं उघडतं. त्याला रिटेल डायरेक्ट गिल्ट खातं म्हणतात. संकेतस्थळ `rbiretaildirect.org.in` आणि मे २०२४ पासून मोबाइल ॲपही आहे.

सरकार हे रोखे आणि बिलं रिझर्व्ह बँकेमार्फत लिलावात विकतं. खातं उघडायला, चालवायला आणि लिलावात बोली लावायला शुल्क नाही. पैसे भरताना पेमेंट गेटवेचा काही आकार लागला तर तो मात्र ग्राहकाने द्यायचा. लागणाऱ्या गोष्टी अशा: भारतातलं रुपयातलं बचत खातं, पॅन, ओळख-पत्त्याचा ग्राह्य कागद, ईमेल आणि मोबाइल क्रमांक. खातं एकट्याच्या नावाने उघडता येतं किंवा दोघांच्या संयुक्त नावाने.

ब्रोकरमार्फत डीमॅटमध्ये घेण्याचा मार्गही उघडा आहे. राष्ट्रीय शेअर बाजाराचं ‘गोबिड’ आणि मुंबई शेअर बाजाराचं ‘बीएसई डायरेक्ट’ हे त्यासाठीच आहेत. आधीपासून डीमॅट असेल आणि सगळं एका ठिकाणी बघायची सवय असेल तर तो सोयीचा. पण फक्त सरकारी रोख्यांसाठी नवं डीमॅट उघडून त्याची वार्षिक फी भरण्यात मला काही राम दिसत नाही.

खातं उघडताना लोक कुठे अडतात?

नावाच्या स्पेलिंगवर. पॅनवर वडिलांचं नाव मध्ये पूर्ण, बँकेत फक्त अद्याक्षर, आधारवर आडनाव आधी, असा प्रकार आपल्याकडे घरोघरी आहे. बँक खातं जोडताना नाव तपासलं जातं आणि तिथे गाडी अडते. अर्ज करण्याआधी तिन्ही कागद शेजारी ठेवून बघा. बँकेतलं नाव पॅनप्रमाणे करून घेणं बहुतेक वेळा सर्वांत सोपं पडतं.

दुसरी अडचण संयुक्त खात्याची. दोन्ही धारकांची केवायसी पूर्ण व्हावी लागते. नवऱ्याने स्वतःची करून ठेवली आणि बायकोची राहिली, तर अर्ज तसाच लटकतो. वापरात नसलेलं बँक खातंही जोडू नका, कारण व्याज आणि मुद्दल त्याच खात्यात येणार आहे. पुढे ते खातं बंद करायचं झालं तर आधी पोर्टलवर नवं खातं जोडून घ्या.

लिलावात आम्ही किंमत काय सांगायची? आम्हाला त्यातलं काय कळतं?

काहीच सांगायची नाही. तुम्ही फक्त किती रुपयांचे रोखे हवेत तेवढं सांगायचं.

लिलावात दोन प्रकारच्या बोली असतात. बँका, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड यांची स्पर्धात्मक बोली असते. आम्ही अमुक किमतीला घेऊ असं ते सांगतात, आणि किंमत कमी सांगितली तर रिकाम्या हाताने परततात. लहान गुंतवणूकदाराची बोली अस्पर्धात्मक असते. मोठ्यांच्या यशस्वी बोलींची जी भारित सरासरी किंमत निघते, म्हणजे मोठ्या रकमेच्या बोलीला जास्त वजन देऊन काढलेली सरासरी, तीच तुम्हाला लागू होते. म्हणजे दिवसभर बाजारात बसलेल्या माणसांनी घासाघीस करून ठरवलेला भाव तुम्हाला आयता मिळतो. मला विचाराल तर लहान माणसाच्या दृष्टीने या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत चांगली गोष्ट हीच आहे.

केंद्राच्या रोख्यांमध्ये विक्रीच्या रकमेपैकी ५ टक्क्यांपर्यंतचा हिस्सा अशा बोलींसाठी राखलेला असतो. मागणी त्यापेक्षा जास्त आली तर प्रमाणात वाटप होतं आणि तुम्हाला मागितल्यापेक्षा कमी मिळू शकतं. किमान रक्कम १०,००० रुपये आणि पुढे १०,००० च्या पटीत. एका लिलावात एका रोख्यासाठी एकच बोली लावता येते.

लिलाव केव्हा असतो?

टी-बिलांचा साधारणपणे बुधवारी, राज्यांच्या रोख्यांचा मंगळवारी आणि केंद्राच्या मुदतीच्या रोख्यांचा शुक्रवारी. पैसे आणि रोख्यांची देवघेव पुढच्या कामकाजाच्या दिवशी होते. म्हणजे टी-बिल गुरुवारी खात्यात दिसतं, शुक्रवारच्या लिलावातला रोखा सोमवारी. मध्ये सुट्टी आली की दिवस सरकतात. बोलीची खिडकी केव्हा बंद होते ते त्या त्या लिलावासमोर पोर्टलवर लिहिलेलं असतं. शेवटच्या तासाची वाट न बघता आदल्या दिवशी बोली लावून मोकळं व्हावं.

टी-बिलावर प्रत्यक्षात किती मिळतं? एकदा हिशेब करून दाखवा.

समजा, साताऱ्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे दोन लाखांच्या आसपास रक्कम आहे. घराचं छप्पर पावसाळ्याआधी बदलायचं आहे आणि सुताराला पैसे मे महिन्यात द्यायचे आहेत. आता नोव्हेंबर चालू आहे. त्या १८२ दिवसांच्या टी-बिलासाठी दर्शनी २,००,००० ची बोली लावतात.

बोली लावताना पोर्टल एक अंदाजी रक्कम दाखवतं. ती खऱ्या किमतीपेक्षा थोडी जास्त धरलेली असते, कारण लिलाव अजून व्हायचा असतो. यूपीआय वापरलं तर तेवढे पैसे त्यांच्याच बचत खात्यात अडकवून ठेवले जातात आणि वाटप झाल्यावर कापले जातात. यूपीआयने एका वेळी ५ लाखांपर्यंत भरता येतात, त्यापुढच्या रकमेसाठी नेट बँकिंग.

बुधवारी लिलाव झाला आणि भारित सरासरी किंमत ९७ रुपये ३० पैसे निघाली असं धरू. हा आकडा फक्त उदाहरणापुरता. बाईंना २,००,००० च्या बिलांसाठी १,९४,६०० रुपये पडले. अडकवलेली जास्तीची रक्कम मोकळी झाली. १८२ दिवसांनी खात्यात २,००,००० जमा. कमाई ५,४०० रुपये.

याचा वार्षिक दर काढायचं सूत्र असं:

```
(१०० − किंमत) ÷ किंमत × ३६५ ÷ दिवस × १००
```

२.७० भागिले ९७.३० केलं की ०.०२७७५ येतात. त्याला ३६५ भागिले १८२ ने गुणलं की दर साधारण ५.५७ टक्के. इथे भागाकार ९७.३० ने करायचा, १०० ने नाही, कारण बाईंनी गुंतवले ते ९७.३०. बऱ्याच जणांचा हिशेब इथेच चुकतो आणि दर कमी दिसतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. बाईंना हातात बरोब्बर दोन लाख हवे होते, म्हणून दर्शनी दोन लाखांची बोली लावली. पण ज्याच्याकडे मोजून दोन लाख आहेत आणि ते सगळे गुंतवायचे आहेत, त्याने दर्शनी २,००,००० मागितले तर पाचेक हजार रुपये बचत खात्यातच पडून राहतील. अशा वेळी २,१०,००० मागायला २,०४,००० च्या वर लागतील, तेवढे नाहीत. १०,००० च्या पटीचा नियम असल्यामुळे काहीतरी उरतंच. ते उरू द्यावं.

बचत खात्यापेक्षा बरं, हे कळलं. पण मुदत ठेवीपेक्षा बरं आहे का?

नेहमीच नाही, आणि असं ठामपणे सांगणाऱ्यापासून जरा जपूनच राहा.

मोठ्या बँकांचा बचत खात्याचा दर २०२५ मध्ये अडीच टक्क्यांवर आला. त्याच्यापुढे टी-बिल उजवंच. पण सहा महिने किंवा वर्षाच्या मुदत ठेवीवर अनेक बँका टी-बिलापेक्षा जास्त देतात, आणि ज्येष्ठ नागरिकांना वर अर्धा टक्का असतो. ठेव मोडावी लागली तर बँक थोडा दंड कापून पैसे त्याच दिवशी देते. टी-बिलात ती सोय नाही.

मग टी-बिल कोणी घ्यावं? ज्याची एका बँकेतली रक्कम ५ लाखांच्या वर जाते त्याने विचार करावा, कारण ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदारामागे व्याजासकट ५ लाखांपर्यंतच आहे. आपल्याकडे सहकारी बँकांवर निर्बंध आले की काय होतं ते पुण्या-मुंबईच्या ठेवीदारांना वेगळं सांगायला नको. सरकारी रोख्याला विमा नाही, पण कर्जदार खुद्द केंद्र सरकार आहे आणि रक्कम कितीही असो, सगळीच त्या हमीत येते.

साठी ओलांडलेल्या माणसाने मात्र आधी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा कोटा भरावा असं माझं मत आहे. तिथे २०२५ मध्ये ८.२ टक्के मिळत होते आणि मर्यादा ३० लाख. तीही सरकारचीच हमी. रोखे त्यानंतर.

मग दहा वर्षांचा रोखा कशासाठी घ्यायचा?

दर बांधून ठेवण्यासाठी. बँका साधारण दहा वर्षांपर्यंतच ठेवी घेतात. ज्येष्ठांची योजना पाच वर्षांची, पुढे वाढवता येते. पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसाला पुढची वीस-पंचवीस वर्षं आजच्या दराने व्याज हवं असेल, तर ते देणारी जागा सरकारी रोख्यांखेरीज फारशी नाही. पुढे दर चार टक्क्यांवर आले तरी तुमचं व्याज ठरल्याप्रमाणेच येत राहतं.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पुढे दर आठ टक्क्यांवर गेले तरी तुम्हाला ठरलेलंच मिळणार.

शिवाय हे व्याज चक्रवाढ नाही. सहा महिन्यांनी पैसे खात्यात येतात, ते पुन्हा कुठे गुंतवायचे ते तुम्ही बघायचं. घरखर्चासाठी व्याज हवं असणाऱ्याला हे सोयीचं. पंधरा वर्षांनी मोठी रक्कम हवी असणाऱ्या तरुणाला तितकंसं नाही.

रोखा मधल्याच तारखेला घेतला तर पहिलं व्याज पूर्ण मिळतं का?

मिळतं, पण त्यातला काही भाग तुम्ही आधीच चुकवलेला असतो.

वरच्याच `6.33% GS 2035` रोख्याचं उदाहरण घेऊ. समजा कोणी तो ९८ रुपये ५० पैशांना दर्शनी ५ लाखांचा घेतला आणि देवघेव ५ ऑगस्टला झाली. रोख्याची किंमत ४,९२,५००. पण ५ मे पासून ५ ऑगस्टपर्यंतच्या तीन महिन्यांचं व्याज आधीच्या मालकाचं आहे. रोख्यांच्या हिशेबात महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचं धरतात, म्हणून ९० दिवसांचं व्याज ७,९१२ रुपये ५० पैसे. ते किमतीत मिळवून द्यायचं. एकूण ५,००,४१२ रुपये ५० पैसे.

५ नोव्हेंबरला खात्यात सहा महिन्यांचं पूर्ण व्याज येतं, १५,८२५ रुपये. त्यातून आधी दिलेले ७,९१२.५० वजा केले की तुमच्या तीन महिन्यांचे तेवढेच उरतात. पहिल्यांदा घेणाऱ्याला बिलावर किमतीपेक्षा जास्त रक्कम बघून वाटतं की कोणीतरी दलाली लावली. तसं नाही, हे आधीच्या तारखेचं व्याज आहे. नव्या रोख्याच्या पहिल्या लिलावात ते नसतं. पण सरकार बहुतेक वेळा जुनाच रोखा पुन्हा विकायला काढतं, त्यामुळे लिलावातही हा आकडा दिसू शकतो.

आणि यावर मिळणारा दर ६.३३ नाही. ९८.५० देऊन २०३५ मध्ये १०० मिळणार, तो दीड रुपयाही कमाईत धरावा लागतो. म्हणून मुदतीपर्यंतचा खरा परतावा साडेसहा टक्क्यांच्या आसपास जातो. पोर्टलवर हा परतावा वेगळा दाखवलेला असतो. दोन रोख्यांची तुलना करायची तर त्यावरून करा, नावातल्या व्याजदरावरून नाही.

सरकारी हमी आहे, मग किंमत खाली कशी येते?

हमी आहे ती व्याजाची आणि मुदत संपल्यावर मिळणाऱ्या मुद्दलाची. मधल्या काळातल्या भावाची हमी कोणीच देत नाही.

दहा वर्षं बाकी असलेला ६.३३ टक्क्यांचा रोखा तुम्ही १०० रुपयांना घेतला. लगेच बाजारातले दर एक टक्क्याने वाढले आणि नवे रोखे ७.३३ टक्क्यांनी मिळू लागले. आता तुमचा ६.३३ वाला कोणी पूर्ण किमतीला का घेईल? त्याला दहा वर्षं दरसाल एक रुपया कमी मिळणार आहे, तेवढी भरपाई तो आजच मागेल. हिशेब केला की भाव साधारण ९३ रुपयांवर येतो. पाच लाखांचे चार लाख पासष्ट हजार झाले. तीस वर्षांच्या रोख्यात हाच फटका आणखी मोठा असतो. टी-बिलात जवळजवळ नगण्य, कारण मुदतच थोडी.

तुम्ही रोखा २०३५ पर्यंत ठेवलात तर या ९३ शी तुमचा संबंध येत नाही. १०० मिळणारच. म्हणून रोखा घेताना व्याजदराआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: हे पैसे त्या तारखेपर्यंत लागणार नाहीत ना? मुलीचं लग्न तीन वर्षांनी असेल तर दहा वर्षांचा रोखा पाव टक्का जास्त देतो म्हणून घेऊ नये. दर खाली आले तर भाव वर जाऊन फायदाही होईल, नाही असं नाही. पण लग्नाची तारीख बाजार बघून ठरत नाही.

मध्येच पैसे लागले तर रोखा मोडता येतो का?

मोडता येत नाही, विकावा लागतो. सरकार मुदतीआधी पैसे परत देत नाही. पोर्टलवरून एनडीएस-ओएम या रोख्यांच्या बाजारात विक्रीची ऑर्डर टाकावी लागते. लहान रकमांसाठी तिथे वेगळा विभाग आहे, कारण मुख्य बाजारातला नेहमीचा व्यवहार पाच कोटींचा असतो.

इथे मात्र पोर्टलच्या जाहिरातीत नसलेली गोष्ट सांगायला हवी. स्क्रीनवर दोन रकाने दिसतात, एका बाजूला घेणारे, दुसऱ्या बाजूला विकणारे. ज्या रोख्यांचा व्यवहार रोज होतो त्यांत दोन्ही बाजूंचे भाव जवळजवळ असतात. पण पाच-सहा वर्षांपूर्वीचा, आता फारसा न चालणारा रोखा उघडून बघा. विकणारा ९८.५० मागतोय, घेणारा ९७.४० देतोय, आणि तोही दर्शनी वीस हजारांपुरताच. कधी घेणाऱ्यांचा रकाना रिकामाच. तुमच्याकडे पाच लाखांचा रोखा आहे आणि उद्या पैसे हवेत, तर ९७.४० किंवा त्याखाली द्यावा लागेल. एक रुपया दहा पैशांच्या या फरकाने पाच लाखांवर ५,५०० रुपये गेले, म्हणजे दोन महिन्यांचं व्याज.

लहान ऑर्डरींना भाव मिळावा म्हणून प्राथमिक विक्रेत्या संस्थांनी, म्हणजे सरकारी रोख्यांच्या घाऊक व्यापाऱ्यांनी, तिथे भाव लावावेत अशी योजना रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये आणली. त्याने फरक पडला आहे, पण सगळ्या रोख्यांत नाही. भाव मागवण्याचीही सोय आहे. तुम्ही रक्कम कळवायची, भाव आला तर पटला तरच द्यायचा. थांबायची तयारी असेल तर आपल्या मनातल्या किमतीला ऑर्डर टाकून बघावी, पण ती पूर्ण होईलच असं नाही.

घेतानाही हेच लागू आहे. म्हणून शक्यतो लिलावातून घ्यावं, तिथे हा फरक सोसावा लागत नाही. आणि कधी विकावं लागेल अशी शंका असेल तर ज्याची खरेदी-विक्री जोरात चालते असाच, म्हणजे सध्या लिलावात येत असलेला दहा वर्षांचा रोखा निवडावा.

विकायचं नसेल आणि थोड्या दिवसांची नड असेल, तर रोखे तारण ठेवून कर्ज घेता येतं. मात्र आपल्या शाखेत हे काम पूर्वी कोणी केलंय का ते आधी विचारून घ्या. नाहीतर शाखेतल्यांना समजावण्यातच आठवडा जातो.

महाराष्ट्र सरकारचेही रोखे असतात ना? ते जास्त व्याज देतात म्हणे.

असतात. राज्य सरकारांचे रोखे रिझर्व्ह बँकच लिलावात विकते आणि त्याच पोर्टलवर दिसतात. महाराष्ट्राचे येतात, गोव्याचे येतात. केंद्राच्या तितक्याच मुदतीच्या रोख्यापेक्षा परतावा साधारणपणे थोडा जास्त असतो. व्याज आणि मुद्दल रिझर्व्ह बँकेमार्फतच येतं, पण कर्ज राज्याचं आहे आणि केंद्राने त्याची लेखी हमी घेतलेली नाही.

मुदतीपर्यंत ठेवणाऱ्याने हे अवश्य बघावेत. मध्येच विकणाऱ्याने नको, कारण वर सांगितलेला भावातला फरक इथे आणखी रुंद असतो.

कर किती लागतो? टीडीएस कापतात का?

रोख्यांवरचं व्याज तुमच्या उत्पन्नात मिळवून तुमच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. करमुक्त काही नाही. टी-बिलावरची कमाईदेखील टप्प्याप्रमाणेच करपात्र. सूचीबद्ध रोखा बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवून नफ्यात विकला, तर त्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के कर आहे.

या रोख्यांच्या व्याजावर टीडीएस कापला जात नाही. पूर्ण रक्कम खात्यात येते आणि माणूस कर विसरतो. बँकेच्या ठेवीत निदान दहा टक्के कापून घेतलेले असतात. इथे वर्षाअखेरीस सगळा कर एकदम भरावा लागतो, आणि देय रक्कम १०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर आगाऊ कर न भरल्याचं व्याजही लागतं. धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना आगाऊ करातून सूट आहे, बाकीच्यांनी लक्ष ठेवावं.

त्याच पोर्टलवर मिळणारे बदलत्या दराचे बचत रोखे हा वेगळा प्रकार आहे. त्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून टीडीएस कापला जातो, आणि ते विकताही येत नाहीत. नाव सारखं वाटतं म्हणून गल्लत होते.

दर तीन महिन्यांनी टी-बिल संपतं, पुन्हा बोली लावायला आठवण राहत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने याच पोर्टलवर टी-बिलांसाठी आपोआप बोली लावण्याची सोय जाहीर केली. नव्या गुंतवणुकीसाठीही चालते आणि मुदत संपलेल्या बिलाचे पैसे पुन्हा गुंतवायलाही. हाताने करायचं असेल तर कॅलेंडरमध्ये मुदतीची तारीख टाका, एवढंच.

तीन-चार लाख असे फिरवायचे असतील तर सगळे एकदम घालू नयेत. दर महिन्याला एक लाखाचं ९१ दिवसांचं बिल असं तीन महिने घेतलं, की चौथ्या महिन्यापासून दर महिन्याला कुठलं तरी एक बिल संपत राहतं. अचानक खर्च निघाला तर महिन्याभरात एक लाख हातात येतातच, विक्रीच्या भानगडीत पडावं लागत नाही.

मुदत संपायची तारीख सुट्टीची निघाली तर?

मुद्दल आदल्या कामकाजाच्या दिवशी मिळतं, नुसतं सहामाही व्याज असेल तर पुढच्या. अर्ज वगैरे करावा लागत नाही, पैसे जोडलेल्या खात्यात आपोआप येतात.

खातेदाराचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना कसं मिळणार?

खातं उघडतानाच वारस नेमा, दोन जणांपर्यंत नेमता येतात. वारसदार मृत्यूचा दाखला आणि दाव्याचे कागद दिले की रोखे आपल्या रिटेल डायरेक्ट खात्यात किंवा डीमॅटमध्ये घेऊ शकतो. मुदतीआधी पैसे मात्र तेव्हाही मिळत नाहीत. हवे असतील तर विकावे लागतात.

खरी अडचण अशी की घरात कोणाला या खात्याचा पत्ताच नसतो. ना पासबुक, ना प्रमाणपत्र, ना शाखा. सगळं एका ईमेलमध्ये आणि एका मोबाइलवर. खाते क्रमांक आणि रोख्यांची यादी कागदावर लिहून ठेवीच्या पावत्यांसोबत कपाटात ठेवा. हयातीतच मुलाला किंवा बायकोला द्यायचे असतील, तर त्यांचंही रिटेल डायरेक्ट खातं असलं की भेट म्हणून ऑनलाइन वळवता येतात.

मुलगा परदेशात आहे. त्याला घेता येतील का?

परकीय चलन कायद्याखाली ज्यांना सरकारी रोख्यांत गुंतवणुकीची परवानगी आहे अशा अनिवासींना हे खातं उघडता येतं. भारतातलं बँक खातं आणि पॅन त्यांनाही लागतंच. व्याजावर तो राहतो त्या देशातही कर लागू शकतो. तेव्हा बोली लावण्याआधी त्याने तिथल्या करसल्लागाराशी बोलून घ्यावं.